ऑटोपेचे पैसे कापले जाण्याआधी येणारा मेसेज: तो का येतो आणि आल्यावर काय करायचं

कार्डाने ऑनलाइन पैसे भरताना ओटीपी येतो, याची आपल्याला इतकी सवय झाली आहे की तो नेमकं कोणतं काम करतो हे लक्षातही येत नाही. कार्डाचा नंबर दुसऱ्याच्या हाती लागला तरी ओटीपी तुमच्या मोबाइलवर येतो, म्हणजे तुम्ही 'हो' म्हटल्याशिवाय पैसे हलत नाहीत. रिझर्व्ह बँकेने ऑनलाइन कार्ड व्यवहारांना ही जादाची पडताळणी १ ऑगस्ट २००९ पासून सक्तीची केली.

आता दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचं काय? ओटीटीचं सबस्क्रिप्शन, क्लाउड स्टोरेज, वर्तमानपत्राची डिजिटल वर्गणी, विम्याचा हप्ता. इथे दर वेळी ओटीपी मागितला तर 'आपोआप' या शब्दाला अर्थ राहत नाही, आणि अजिबात विचारलं नाही तर एकदा दिलेल्या परवानगीवर वर्षानुवर्षं पैसे जात राहतात. यावर रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये मधला मार्ग काढला. पहिल्या वेळी ओटीपी टाकून तुम्ही आगाऊ परवानगी द्यायची, हेच ई-मँडेट. त्यानंतर ठरावीक मर्यादेपर्यंतच्या रकमेला ओटीपी लागणार नाही, पण पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने तुम्हाला तसं कळवायचं आणि नको असेल तर थांबवायची सोय द्यायची.

म्हणजे हा मेसेज ओटीपीच्या जागी आलेला आहे, हे पक्कं लक्षात ठेवा. ओटीपीच्या वेळी तुम्ही काहीच केलं नाही तर पैसे जात नाहीत. इथे तुम्ही काहीच केलं नाही तर पैसे जातात. आपली जुनी सवय, 'आपण काही दाबलं नाही ना, मग काळजी नाही', इथे उलटी पडते. नव्याने ऑटोपे वापरणारे बहुतेक जण इथेच फसतात.

मेसेज येतो कुठून

पुष्कळांना वाटतं की हा मेसेज सबस्क्रिप्शनवाली कंपनी पाठवते. कंपनी 'तुमचा प्लॅन लवकरच रिन्यू होणार आहे' अशी ईमेल पाठवते खरी, पण ती तिच्या मर्जीने. नियमातली सूचना तुमचं कार्ड देणारी बँक पाठवते. कंपनी आपल्या पेमेंट यंत्रणेमार्फत 'अमुक ग्राहकाकडून अमुक तारखेला एवढे पैसे घ्यायचे आहेत' असं आधी कळवते, ती माहिती तुमच्या बँकेपर्यंत येते, आणि बँक तुम्हाला सांगते. ही साखळी मध्येच तुटली, म्हणजे कंपनीने वेळेत कळवलंच नाही किंवा तिची यंत्रणा या नियमात बसत नसली, तर बँक ते पैसे देत नाही. १ ऑक्टोबर २०२१ पासून हा नियम कडकपणे लागू झाला तेव्हा अनेकांची सबस्क्रिप्शनं अचानक बंद पडली ती यामुळेच. खात्यात पैसे होते, कार्ड चालू होतं, पण कंपनीची बाजू तयार नव्हती. कंपनी परदेशातली असली तरी हा नियम लागू आहे.

मेसेज कुठे यावा हे तुम्ही ठरवायचं असतं. मँडेट देताना बँकेने एसएमएस, ईमेल यांसारखे पर्याय द्यायला हवेत आणि नंतर ते बदलायची मुभाही हवी. प्रत्यक्षात आपण घाईघाईत पुढे-पुढे दाबत जातो आणि बँकेकडे जो नंबर किंवा ईमेल असेल तिथे सूचना जात राहते. त्यामुळे पहिलं काम आजच करून टाका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये प्रोफाइल उघडा आणि तिथला मोबाइल नंबर व ईमेल सध्या वापरात आहेत ना, ते बघा. नोकरी बदलल्यावर जुन्या ऑफिसची ईमेल तशीच राहून गेलेली असणं फार नेहमीचं आहे. ईमेलवर येत असेल तर जीमेलच्या 'प्रमोशन्स' कप्प्यातही एकदा डोकावा.

यूपीआयवरून ऑटोपे दिलेला असेल तर सूचना तुमच्या यूपीआय अ‍ॅपमध्ये आणि बऱ्याचदा बँकेच्या एसएमएसनेही येते. अ‍ॅपचे नोटिफिकेशन कटकट म्हणून बंद केलेले असतील तर निदान या अ‍ॅपपुरते चालू ठेवा.

मेसेज वाचायचा कसा

नियमाप्रमाणे सूचनेत पाच गोष्टी असायलाच हव्यात: पैसे घेणाऱ्याचं नाव, रक्कम, कधी कापले जाणार ती तारीख आणि वेळ, व्यवहाराचा किंवा मँडेटचा संदर्भ क्रमांक, आणि कारण, म्हणजे तुम्ही स्वतः मँडेट दिलेलं आहे म्हणून. मेसेज बहुधा इंग्रजीत असतो. मराठीत त्याचा आशय साधारण असा असतो:

> १३ तारखेला तुमच्या ४४२१ या आकड्यांनी संपणाऱ्या कार्डावरून अमुक प्रायव्हेट लिमिटेड यांना रु. १,४९९ दिले जातील. तुम्ही नोंदवलेल्या ई-मँडेटनुसार. मँडेट क्रमांक अमुक. हा व्यवहार नको असल्यास या ठिकाणी जा.

माझ्या मावशीला असाच मेसेज आला तेव्हा तिने तो मला पाठवून विचारलं, "अरे, हे पैसे गेले का रे?" इंग्रजी मेसेजमधलं 'विल बी डेबिटेड' घाईत वाचलं की 'डेबिटेड' एवढाच शब्द डोळ्यांत भरतो. पैसे गेल्यावर येणारा मेसेज वेगळा असतो आणि नियमाप्रमाणे तोही यायलाच हवा. म्हणून आधी क्रियापद बघा, मग तारीख.

दुसरा गोंधळ नावाचा. मावशीने इंग्रजी बोलायला शिकवणारं एक अ‍ॅप एक रुपया भरून आठवडाभर वापरून पाहिलं होतं. मेसेजमध्ये मात्र अ‍ॅपचं नाव नव्हतं, ते चालवणाऱ्या कंपनीचं कागदोपत्री नाव होतं. ती म्हणाली, "मी या नावाच्या कुणाला पैसे दिलेलेच नाहीत." नाव ओळखीचं वाटलं नाही म्हणजे लगेच फसवणूक असं धरू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये मँडेटची यादी उघडा आणि संदर्भ क्रमांक जुळतो का ते बघा. यादीत मँडेट कोणत्या तारखेला दिलं हेही दिसत असेल, तर त्या दिवसाच्या ईमेलमध्ये शोधलं की अ‍ॅपचा पत्ता बहुधा लागतोच.

तिसरी गोष्ट रकमेची. मँडेट दोन प्रकारचं असतं: ठरलेल्या रकमेचं, किंवा कमी-जास्त होणाऱ्या रकमेचं. दुसऱ्या प्रकारात वरची मर्यादा घातलेली असते. मावशीच्या मँडेटवर ती मर्यादा १५,००० रुपये दिसत होती आणि ते बघून ती पुरती घाबरली. एवढे पैसे जाणार असा त्याचा अर्थ नाही. बऱ्याच कंपन्या पुढे दर वाढवले तर नवं मँडेट घ्यायला लागू नये म्हणून मर्यादा मोठी ठेवतात. या खेपेला खरोखर किती जाणार ते फक्त या मेसेजमध्ये कळतं. म्हणून दर महिन्याला येणारा मेसेज ओळखीचा असला तरी रकमेकडे नजर टाकायची. एका रुपयाच्या ट्रायलनंतर १,४९९ होणं किंवा मासिक प्लॅनच्या जागी वार्षिक प्लॅन लागणं, हे तिथेच उघडं पडतं.

नको असेल तर: दोन वेगळी बटणं

मेसेज आल्यावर तुमच्यापुढे तीन वाटा असतात. पैसे जाऊ द्यायचे असतील तर काही करायचं नाही, फक्त खात्यात शिल्लक ठेवायची. यावेळचा व्यवहार तेवढा नको असेल तर तो एक व्यवहार नाकारायचा. मँडेट जिवंत राहतं आणि पुढच्या खेपेला पुन्हा मेसेज येतो. किंवा कायमचंच नको असेल तर मँडेट रद्द करायचं.

शेवटच्या दोन गोष्टी एकच आहेत असं वाटतं, पण त्यांत एक बारीक फरक आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमात मँडेट रद्द केल्यावर पुढचे सगळे व्यवहार थांबतात, मात्र एका व्यवहाराचा अपवाद ठेवलेला आहे: ज्याची आगाऊ सूचना आधीच गेलेली आहे पण पैसे अजून कापायचे आहेत, असा वाटेत असलेला व्यवहार. म्हणजे मेसेज आल्यावर तुम्ही घाईने नुसतं मँडेट रद्द केलंत, तर या खेपेचे पैसे तरीही जाऊ शकतात. अनेक बँकांची यंत्रणा तो व्यवहारही थांबवत असेल, पण त्यावर विसंबू नका. मेसेज येऊन गेला असेल तर आधी तो व्यवहार नाकारा, मग मँडेट रद्द करा.

मावशीचं प्रकरण आम्ही असंच निपटलं. मेसेज ११ तारखेला संध्याकाळी आला होता आणि पैसे १३ ला कापले जाणार होते. मेसेजमधल्या लिंकवर न जाता तिने बँकेचं अ‍ॅप उघडलं आणि डेबिट कार्डाच्या विभागात ई-मँडेटचं पान शोधलं. ते कुठल्या बँकेत 'मॅनेज मँडेट', कुठे 'स्टँडिंग इन्स्ट्रक्शन', कुठे 'ऑटोपे' या नावाखाली असतं; सापडलं नाही तर अ‍ॅपच्या शोधपट्टीत 'mandate' टाकायचं. यादीत तीन मँडेट होती. मेसेजमधला क्रमांक जुळवून योग्य ते निवडलं. त्याखाली १३ तारखेचा व्यवहार दिसत होता. तो नाकारला, ओटीपी आला, टाकला, आणि व्यवहार होणार नाही असा मेसेज आला. त्यानंतर त्याच पानावरून मँडेट रद्द केलं. त्यालाही पुन्हा ओटीपी लागला आणि दुसरा खात्रीचा मेसेज आला. दोन्हींचे स्क्रीनशॉट काढून ठेवले.

ओटीपी का लागतो, असं मावशीने मध्येच विचारलं, कारण पैसे थांबवायला ओटीपी ही तिला उलटी गोष्ट वाटली. नियमच तसा आहे. नाहीतर तुमचा फोन हातात असलेला कुणीही तुमचा विम्याचा हप्ता थांबवू शकला असता.

मग एक काम उरलं, जे बहुतेक जण विसरतात. तिने त्या शिकवणीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन सबस्क्रिप्शनही रद्द केलं. मँडेट म्हणजे पैसे काढायची परवानगी आणि सबस्क्रिप्शन म्हणजे कंपनीशी झालेला व्यवहार. एक रद्द केल्याने दुसरं आपोआप रद्द होत नाही. नुसतं मँडेट बंद केलं तर कंपनीच्या लेखी तुम्ही थकबाकीदार राहू शकता, आणि विम्यासारख्या ठिकाणी पॉलिसीच बंद पडू शकते. उलट, फोनमधून अ‍ॅप काढून टाकलं म्हणजे मँडेट गेलं, हा समज तर अगदीच चुकीचा. मँडेट बँकेत नोंदलेलं असतं, त्याला तुमच्या फोनमध्ये काय आहे याचा पत्ताही नसतो.

यूपीआयचा ऑटोपे असेल तर ज्या अ‍ॅपमधून तो दिला तेच अ‍ॅप आधी उघडा. प्रोफाइलमध्ये 'ऑटोपे' किंवा 'मँडेट' असा पर्याय असतो. तिथे थांबवणं किंवा रद्द करणं यूपीआय पिनने होतं. काही मँडेट ठरावीक काळापुरती थांबवून पुन्हा चालू करता येतात. गावी किंवा परदेशी जाताना हे सोयीचं पडतं. वेळेचं मात्र भान ठेवा. १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआय ऑटोपेचे व्यवहार गर्दीच्या वेळा टाळून केले जातात: सकाळी १० च्या आधी, दुपारी १ ते ५, आणि रात्री साडेनऊनंतर. त्यामुळे '१३ तारीख' वाचून १३ ला दुपारी निवांत बघू म्हणाल, तर पैसे पहाटेच गेलेले असू शकतात. आदल्या रात्रीपर्यंत काम उरका.

रक्कम मोठी असेल तर नियम पालटतो

गप्प राहणं म्हणजे होकार, हे वर सांगितलं ते एका मर्यादेपर्यंतच. ही मर्यादा २०१९ मध्ये २,००० रुपये होती, १ जानेवारी २०२१ पासून ५,००० झाली आणि जून २०२२ मध्ये १५,००० झाली. डिसेंबर २०२३ मध्ये म्युच्युअल फंड, विम्याचा हप्ता आणि क्रेडिट कार्डाचं बिल या तीन गोष्टींसाठी ती १ लाखापर्यंत वाढवली.

या मर्यादेच्या वरच्या रकमेला सूचना येऊन भागत नाही, दर वेळी ओटीपीसारखी पडताळणी लागते. म्हणजे तिथे काहीच केलं नाही तर पैसे जात नाहीत. समजा, एखाद्या क्लासची सहामाही फी १८,००० रुपये आहे आणि तुम्ही तिला ऑटोपे लावला आहे. 'ऑटोपे आहे, जाईल आपोआप' म्हणून बसलात तर व्यवहार अपयशी ठरेल आणि विलंब शुल्क तुमच्या माथी येईल. अशा वेळी मेसेजमध्ये पैसे मंजूर करायला सांगितलं आहे का, ते वाचा आणि दिलेल्या मुदतीत मंजुरी द्या.

खोटा मेसेज कसा ओळखायचा

फसवणारे याच मेसेजची नक्कल करतात. 'आज तुमच्या खात्यातून ४,९९९ रुपये जाणार, थांबवण्यासाठी या नंबरवर फोन करा.' घाबरून फोन केला की पलीकडचा माणूस ओटीपी मागतो किंवा स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप टाकायला लावतो. खऱ्या प्रक्रियेतही ओटीपी लागतो, म्हणून लोक बळी पडतात. फरक एवढाच: खरा ओटीपी तुम्ही स्वतः उघडलेल्या बँकेच्या पानावर टाकता, तोंडाने कुणाला सांगत नाही. बँकेचा एसएमएस दहा आकडी मोबाइल नंबरवरून न येता अक्षरांच्या नावाने येतो, आणि मे २०२५ पासून त्या नावाच्या शेवटी जोडलेलं अक्षर असतं. सेवा मेसेजला S, व्यवहाराच्या मेसेजला T, जाहिरातीला P.

लिंकवरून मात्र फसगत उलट बाजूनेही होते. कित्येक बँका कार्डाच्या मँडेटचं काम बाहेरच्या यंत्रणेकडून करून घेतात, त्यामुळे खऱ्या मेसेजमधल्या लिंकमध्येही बँकेचं नाव पुढे नसून sihub.in असं काहीतरी असू शकतं. ते बघून लोक खरा मेसेजच खोटा समजून पुसून टाकतात आणि पैसे जातात. यावर उपाय एकच आणि सोपा आहे: लिंक खरी की खोटी या तर्कात न पडता बँकेच्या अ‍ॅपमधून किंवा स्वतः टाइप केलेल्या बँकेच्या वेबसाइटवरून मँडेटच्या पानावर जायचं. यादीत ते मँडेट असेल तर मेसेज खरा, आणि तिथूनच ते थांबवता येतं. यादीत नसेल तर आपल्या दुसऱ्या बँकेच्या कार्डाची आणि यूपीआय अ‍ॅपची यादी बघा. तिथेही नसेल तर मेसेजला हात लावू नका. पैसे खरोखरच कुणी लुबाडले असतील तर लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा.

मेसेज आलाच नाही आणि पैसे गेले

तक्रार करण्याआधी पैसे कोणत्या मार्गाने गेले ते बघा, कारण ही सूचना प्रत्येक आपोआप कपातीला लागू नाही. कर्जाचा हप्ता बहुधा थेट बँक खात्यातून नॅच नावाच्या यंत्रणेमार्फत जातो, अनेक एसआयपीही तशाच जातात. ती पद्धत वेगळी आणि कार्ड-यूपीआयचा २४ तासांचा नियम तिला नाही. पासबुकात किंवा स्टेटमेंटमध्ये त्या नोंदीपुढे 'NACH' किंवा 'ACH' असं दिसतं. तसंच फास्टॅगमधली शिल्लक कमी झाली की आपोआप भरणारा टॉप-अप. तो कधी लागेल याची तारीख आधी ठरवताच येत नाही, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने त्याला आणि मेट्रो-बसमध्ये चालणाऱ्या नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्डाच्या तशाच टॉप-अपला या आगाऊ सूचनेतून वगळलं.

व्यवहार कार्डाचा किंवा यूपीआयचाच असेल आणि सूचना कुठेच सापडत नसेल, तर बँकेला फोनवर सांगून थांबू नका, लेखी लिहा. 'माझे पैसे परत करा' एवढंच न लिहिता नेमका प्रश्न विचारा: या मँडेट क्रमांकाच्या या तारखेच्या व्यवहाराची आगाऊ सूचना कोणत्या तारखेला, किती वाजता, कोणत्या नंबरवर किंवा ईमेलवर पाठवली? बँकेकडे याची नोंद असते. उत्तरात जुना नंबर निघाला तर तो बदलून घ्या. सूचना पाठवल्याची नोंदच नसेल, किंवा तुम्ही व्यवहार नाकारल्याच्या खात्रीच्या मेसेजनंतरही पैसे गेले असतील, तर चूक बँकेच्या बाजूची आहे आणि स्क्रीनशॉट इथे कामी येतो. तक्रारीचा क्रमांक मागून घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in वर तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत. बँकेकडे केलेल्या तक्रारीची प्रत, तिचा क्रमांक आणि त्या तारखेचं स्टेटमेंट सोबत जोडा.